स्प्रिंट रेट्रोस्पेक्टिव्ह (नवगठित संघातील)

स्क्रम या कार्यपद्धतीत कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, म्हणजे स्प्रिंट, संपताना संघ ज्या बैठकीत आपल्याच कामाच्या रीतीचा आढावा घेतो, तिला स्प्रिंट रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात. महिन्याच्या स्प्रिंटसाठी तिची कमाल मर्यादा तीन तास असून दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला साधारण दीड तास पुरतो. नव्या संघात सदस्य एकमेकांना पुरते ओळखत नसल्यामुळे निरीक्षणे आधी प्रत्येकाने मूकपणे चिठ्ठ्यांवर लिहिणे हितावह ठरते, अन्यथा ज्येष्ठाचे पहिले वाक्यच चर्चेची दिशा ठरवते.

अशा संघाची नेहमीची चूक म्हणजे सात-आठ ठराव करणे. त्यांतला एकही पुरा होत नाही आणि पुढील बैठकीत त्याच तक्रारी परततात, हीच या दोषाची खूण होय. म्हणून मतदानाने एक किंवा दोनच विषय निवडावेत, तेही संघाच्या स्वतःच्या अधिकारातले. उदाहरणार्थ, कोड तपासणीविना दोन-तीन दिवस पडून राहत असेल, तर ‘संवाद वाढवावा’ हा ठराव निरुपयोगी आहे, कारण तो पूर्ण झाला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी ‘रोज सकाळी अकरापूर्वी प्रलंबित तपासण्या संपवून मगच नवे काम घ्यावे’ असे ठरवून, त्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका सदस्याचे नाव लिहून, ती कृती पुढील स्प्रिंटच्या कामांच्या यादीत, म्हणजे स्प्रिंट बॅकलॉगमध्ये, इतर कामांप्रमाणेच वेळ राखून नोंदवावी. स्क्रम गाइडच्या 2017 च्या आवृत्तीने अशी किमान एक सुधारणा यादीत घेणे आवश्यक मानले होते. 2020 च्या आवृत्तीने ते ऐच्छिक केले, तरी नव्या संघाने जुना दंडक पाळणेच श्रेयस्कर. पुढील बैठकीचा आरंभ मागील कृतीच्या तपासणीने करावा आणि ती कृती अपुरी राहिली असल्यास नवी न घेता तिचाच आकार कमी करावा.