आधी क्षमता, मग भाव: जालन्याच्या सळईचं गणित

जालन्यात सळई बनवणारे अनेक कारखाने आहेत. भट्टी केवढी, हे आधी ठरतं, भाव नंतर.

समजा, कारखाने दोनच आहेत. बाजारभाव म्हणजे १२० वजा एकूण माल आणि दर नग क्षमता उभारायचा खर्च ३० रुपये. दोघांनी ३०-३० नगांची क्षमता उभारली, तर भाव ६० रुपये होतो.

आता भाव उतरवला, तरी जास्त विकायला माल नाही. चढवला, तर गिऱ्हाईक तुटून उत्पन्न घटतं. म्हणून स्पर्धा भावाची असली, तरी निकाल कूर्नोच्या उत्पादन-स्पर्धेचाच लागतो. क्रेप्स आणि शाइंकमन यांनी हे १९८३ मध्ये दाखवलं.

क्षमता गरजेपेक्षा फार वाढली, की मात्र भाव पाडण्याची चढाओढ सुरू होते.