एका तारेवरचे तापमान: हजेरीच्या खुणेची कुळकथा

डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला तीन पाय असतात: वीज, जमीन आणि माहिती. घड्याळाची वेगळी तार नाही. त्यामुळे कोणता बिट कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे तार किती मायक्रोसेकंद खाली ओढून धरली यावरूनच कळते. या पद्धतीचे मूळ तापमापनात नाही. ते नाण्याएवढ्या एका धातूच्या बटणात आहे.

अमेरिकेतल्या डॅलस सेमीकंडक्टर या कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘टच मेमरी’ नावाची स्टीलच्या डबीतली चिप आणली. पुढे तिला आयबटन म्हणू लागले. इस्तंबूलच्या बसमध्ये हीच बटणे वर्षानुवर्षे तिकिटासारखी वापरली जात. डबीला पृष्ठभाग दोनच, म्हणून एक जमिनीचा आणि दुसरा माहितीचा. बटण टेकवताच ‘मी आलो’ असे त्याने स्वतःहून सांगणे गरजेचे होते, आणि हात हलला तर अर्धवट वाचन ओळखताही यायला हवे होते. त्यातूनच हजेरीची खूण, म्हणजे प्रेझेन्स पल्स, आणि शेवटची सीआरसी तपासणी आली. त्याच दशकात या तारेवर डीएस१८२० हा तापमान सेन्सर बसवला गेला आणि डीएस१८बी२० हा त्याचा १२ बिटांचा वारस. तो कायमचा जोडलेला असला तरी हजेरी बटणासारखीच देतो.

स्वस्त चिपमधले अंतर्गत घड्याळ फार काटेकोर नसते, म्हणून मुदती सैल ठेवल्या गेल्या. हा सैलपणाच सॉफ्टवेअरच्या पथ्यावर पडला. खास हार्डवेअर नसलेला साधा मायक्रोकंट्रोलरही एका पायावर ‘खाली ओढ, थांब, सोड, पाहा’ एवढ्यावर काम भागवतो. तार वर नेण्याचे काम ४.७ किलोओहमचा रोध करतो; कोणीही ती जोराने वर ढकलत नाही. मॅक्सिमने २००१ मध्ये डॅलस विकत घेतली. मॅक्सिमच्या १२६ क्रमांकाच्या टिपणातले आकडे आजही बहुतेक प्रोग्रामांत सापडतात:

```
line_low();      delay_us(480);
line_release();  delay_us(70);
present = !line_read();
delay_us(410);
idle_ok = line_read();
```

पहिली ओळ रीसेट. तार सुटल्यावर सेन्सर १५ ते ६० मायक्रोसेकंद थांबून ती ६० ते २४० मायक्रोसेकंद स्वतः खाली धरतो. ७०व्या मायक्रोसेकंदाला पाहिले की हजेरी मिळते. शेवटची ओळ पुष्कळ जण गाळतात. तार जमिनीला चिकटली असेल तर तीही ‘हजर’ दिसते, पुढचे सगळे बाइट शून्य येतात आणि सगळ्या शून्यांची सीआरसीही शून्यच, म्हणजे तपासणी बिनबोभाट पास! म्हणून खूण संपल्यावर तार वर आली का, हे पाहणे भाग आहे.

बिट लिहिताना १ साठी तार ६ मायक्रोसेकंद खाली धरून सोडतात, ० साठी ६०. वाचताना ६ मायक्रोसेकंद खाली धरून सोडायचे आणि आणखी ९ थांबून पाहायचे. सेन्सरचे उत्तर स्लॉटच्या सुरुवातीपासून १५ मायक्रोसेकंदांपर्यंतच खात्रीचे असते. कमी महत्त्वाचा बिट आधी येतो. `0xCC` आणि `0x44` पाठवल्यावर मोजणी सुरू होते. १२ बिटांना ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. मग पुन्हा रीसेट, `0xCC` आणि `0xBE`. पहिले दोन बाइट `0xD8` आणि `0x01` आले तर संख्या ४७२; भागिले १६, म्हणजे २९.५ अंश. ८५ अंश दिसले तर बहुधा मोजणी झालेलीच नाही; वीज आल्यावरचा तो सेन्सरचा मूळ आकडा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या कांदा चाळीत ढिगाच्या पोटातली ऊब पाहण्यासाठी असा सेन्सर खोचायचा झाला, तर अडचण केबलची. मीटरमागे सुमारे ५० पिकोफॅरड धरले तर ५० मीटरला २५०० होतात. ४.७ किलोओहममधून ती भरताना सोडल्यापासून ९ मायक्रोसेकंदांनी तार ५ पैकी २.७ व्होल्टपर्यंतच चढते. ३ व्होल्टला १ मानणारा कंट्रोलर तिथे ० वाचू शकतो. रोध २.२ किलोओहमचा केला की त्याच क्षणी ४ व्होल्ट मिळतात.

उलट दोषही असतो. वाचनाच्या मधेच इंटरप्ट आला आणि पाहायला उशीर झाला, तर सेन्सरने ० सोडून दिलेला असतो आणि १ वाचला जातो. म्हणून लांब केबलमुळे १ चे ० होतात, इंटरप्टमुळे ० चे १. पहिला दोष ठरावीक सेन्सरवर सातत्याने दिसतो, दुसरा अधूनमधून. इंटरप्ट फक्त एका बिटाच्या स्लॉटपुरते बंद ठेवणे पुरते, कारण दोन स्लॉटांमधल्या विश्रांतीला कमाल मर्यादा नाही. ४८० मायक्रोसेकंद खाली राहणे तेवढे टाळावे, कारण सेन्सर त्याला रीसेट समजतो.