क्रोशाची टोपी : घेर व खोली

क्रोशाची टोपी माथ्याच्या मधोमध सुरू करून खाली विणत आणली, की तिचे माप दोन आकड्यांवर ठरते: माथ्याची चकती किती टाक्यांवर थांबवायची आणि एकूण किती फेऱ्या घालायच्या. नवजात बाळ असो वा प्रौढ माणूस, रीत तीच राहते.

आधी त्याच लोकरीचा आणि त्याच सुईचा तुकडा विणून धुवावा, वाळवावा आणि कडा सोडून मधल्या भागात 10 सेंमीत किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. येथे 15 खांब व 8 ओळी धरू. म्हणजे 1 सेंमीला दीड टाका आणि प्रत्येक फेरी सव्वा सेंमी उंच. हा तुकडा टाळू नये. प्रत्यक्षात 14 टाकेच बसत असतील, तर 52 सेंमीची टोपी जवळजवळ 56 सेंमीची होते आणि डोक्यावर धरत नाही.

विणकाम ताणते, म्हणून टोपीचा घेर डोक्यापेक्षा थोडा कमी ठेवतात. प्रौढाला सुमारे 4 सेंमी, बाळाला 3. डोके 56 सेंमी असेल तर टोपी 52 सेंमीची आणि टाके 52 × 1.5 = 78. पहिल्या फेरीत 12 खांब, मग दर फेरीला 12 वाढवत सहाव्या फेरीला 72 होतात. आणखी 12 वाढवले तर 84, म्हणजे टोपी थेट डोक्याएवढी. म्हणून सातव्या फेरीत समान अंतरावर फक्त 6 वाढवावेत. चकती सपाट बसते का, ते वाढ चालू असतानाच पाहावे. कडेला झालर पडली तर वाढ जास्त होते आहे. वाटीसारखी वळली तर कमी पडते आहे.

खोली, म्हणजे माथ्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर, टोपीच्या घेराला अडीचने भागून अंदाजे मिळते. 52 ÷ 2.5 म्हणजे जवळपास 21 सेंमी. सव्वाने भागल्यावर 17 फेऱ्या. त्यातल्या 7 माथ्यात गेल्या, उरलेल्या 10 वाढ न करता सरळ घालाव्यात. कान पूर्ण झाकायचे असतील किंवा कड दुमडायची असेल, तर तेवढ्या फेऱ्या वेगळ्या वाढवाव्यात. घेर बदलू नये.

नवजात बाळाचे डोके सुमारे 35 सेंमी असते. त्यासाठी 32 सेंमी, म्हणजे 48 टाके. माथा चार फेऱ्यांत पुरा होतो. खोली 13 सेंमीच्या आसपास येते, पण कानांसाठी 11 फेऱ्या घ्याव्यात. सहा महिन्यांच्या बाळाला, डोके 43 सेंमी धरून, 60 टाके व 13 फेऱ्या लागतात. पहिल्या वर्षात डोके 11–12 सेंमीने वाढते, तेव्हा बाळंतविड्यासाठी टोपडे विणताना हे दुसरे मापही सोबत द्यावे.