चाकांची बॅग आणि पीईची परीक्षा

कॉलेजात असताना पेपरला स्टीम टेबल किंवा आयएस ४५६ न्यायची परवानगी मिळाली की आमच्या वर्गात आनंदीआनंद व्हायचा. पुस्तक हातात आहे म्हटल्यावर अभ्यास कशाला, असा साधा हिशोब! अमेरिकेत आल्यावर हा हिशोब मला चांगलाच महागात पडला.

इथे पूल, धरण, पाणीपुरवठा अशा कामांच्या नकाशांवर जबाबदारीने सही-शिक्का करायचा तर राज्याचा ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणजे पीई परवाना लागतो. असा कायदा सगळ्यांत आधी वायोमिंग राज्याने १९०७ साली केला. तिथले स्टेट इंजिनिअर क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्याकडे पाण्याच्या हक्कासाठी जे नकाशे यायचे, ते वकील, नोटरी अशी मंडळी काढायची आणि खाली खुशाल इंजिनिअर म्हणून सही ठोकायची. त्याला आळा घालायला परवाना आला. पुढे परवान्यासाठी लेखी परीक्षा आल्या.

सिव्हिलच्या पीईला पूर्वी दिवसभरात मोजकेच पण मोठे प्रश्न असत आणि ते पायरीपायरीने लिहून सोडवावे लागत. २००० च्या सुमारास ते रूप बदललं. सकाळी चार तासांत ४० प्रश्न, दुपारी चार तासांत ४०, सगळे पर्यायी उत्तरांचे. पुस्तकं मात्र वाटेल तेवढी न्या. अट एवढीच, की ती बांधलेली हवीत, सुटे कागद चालणार नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला सहा मिनिटं. त्यांतली चार शोधण्यात गेली तर सोडवायला उरतात दोन.

एप्रिल २०१९ मध्ये मी चाकांच्या बॅगेत २२ पुस्तकं भरून गेलो. माझ्यासारखे बरेच होते. कुणी दुधाचे क्रेट आणले होते, कुणी सामानाची ट्रॉली. डॉक्टरेट झालेली, त्यामुळे थोडी गुर्मीही होती. नापास झालो.

कसा, ते सांगतो. खरा प्रश्न बाहेर सांगायला मनाई आहे, म्हणून तसाच एक बनवतो. बिडाचा जुना, आतून गंजलेला पाइप, व्यास ८ इंच, लांबी १००० फूट, पाणी मिनिटाला ५०० गॅलन. घर्षणामुळे दाब किती फूट कमी होईल? सूत्र हेझन-विल्यम्सचं:

```
h = 10.44 L Q^1.85 / (C^1.85 d^4.87)
```

यात Q मिनिटाला गॅलनमध्ये, d इंचांत, L आणि h फुटांत. C मात्र तक्त्यातून काढायचा. नव्या बिडाच्या पाइपला तो १३० च्या आसपास असतो, जुन्याला १०० धरतात. १०० घेतला तर उत्तर सुमारे ८.२ फूट. घाईत ‘बीड’ ही पहिली ओळ दिसली आणि १३० उचलला, तर ५ फूट. दुसऱ्या एका पुस्तकात हेच सूत्र 10.44 च्या जागी 4.73 घेऊन छापलेलं असतं, कारण तिथे Q सेकंदाला घनफुटांत आणि व्यास फुटांत असतो. त्यात गॅलन आणि इंच तसेच घातले तर ३.७. आणि गंमत अशी, की पर्यायांत हे तिन्ही आकडे बसलेले असू शकतात! आपलं उत्तर तिथे सापडलं की आपण निर्धास्त पुढे जातो.

माझ्याकडे दोन्ही पुस्तकं होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं. एकाच सूत्रासाठी तीन पुस्तकं उघडायचो आणि तिन्हींतली एककं एकमेकांत मिसळायचो.

ऑक्टोबरमध्ये चारच पुस्तकं नेली. मुख्य होतं मायकेल लिंडेबर्ग यांचं सिव्हिलचं जाडजूड संदर्भपुस्तक. सरावात प्रत्येक प्रश्न सोडवल्यावर मी पान क्रमांक वहीत टिपत गेलो, पण प्रश्नात जो शब्द येतो त्या शब्दाखाली. ‘जुना पाइप’ म्हटलं की सूत्राचं पान, C च्या तक्त्याचं पान आणि शेजारी एककं. ती वही रिंग बाइंडरला लावून नेली. त्या दिवशी तिच्याइतकं दुसरं कुठलंच पुस्तक उघडलं नाही. पास झालो.

आता त्या बॅगा इतिहासजमा झाल्या. जानेवारी २०२२ पासून सिव्हिलची पीई संगणकावर होते. स्वतःचं एकही पुस्तक नेता येत नाही. परीक्षा घेणारी एनसीईईएस ही संस्थाच पडद्यावर हँडबुक आणि ठरावीक मानकं देते. त्यात शब्द टाकून शोधता येतं. पण संगणक तुम्ही टाकलेला शब्दच शोधतो. प्रश्नात ‘दाब किती कमी होईल’ असं असतं आणि हँडबुकात ते ‘हेड लॉस’ म्हणून असतं. हा दुसरा शब्द ज्याला आठवतो त्यालाच पान सापडतं. सापडलेल्या पानावर C ची कुठली ओळ घ्यायची, ते मात्र अजूनही ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

माझी ती वही अजून कपाटात आहे. आता परीक्षेला तिचा उपयोग नाही, पण ऑफिसात पाइपचं काम आलं की पहिली तीच उघडतो.