शब्दवेध : डावीकडे सरकलेले रक्त

‘लेफ्ट शिफ्ट’मधली डावी बाजू शरीराची नव्हे, तक्त्याची. जर्मन वैद्य योझेफ आर्नेट यांनी 1904 मध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची वर्गवारी केंद्रकाच्या खंडांवरून केली. कोवळ्या पेशी डाव्या रकान्यात, पिकलेल्या उजवीकडे. पुढे व्हिक्टर शिलिंग यांनी ही मांडणी सुटसुटीत केली.

पिकलेल्या न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तीन-चार खंड बारीक धाग्यांनी जोडलेले दिसतात. बँड पेशीत खंड पडलेले नसतात. केंद्रक वाकवलेल्या पट्टीसारखे असते. निरोगी रक्तात अशा पेशी थोड्याच.

समजा, बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या ऊसतोड मजुराच्या पायाची कोयत्याची जखम चिघळली. ताप, धाप, एकूण पांढऱ्या पेशी 18,000, त्यात बँड 22 टक्के, म्हणजे सुमारे 3,960. जिवाणूंशी लढताना पिकलेल्या पेशी झपाट्याने खर्ची पडतात आणि अस्थिमज्जा कच्चा मालही बाहेर धाडते. घाईत वाढलेल्या पेशींतले प्राथमिक कण गडद जांभळे रंगतात. तेच ‘टॉक्सिक ग्रॅन्युल्स’. नाव फसवे आहे, ते विषाचे कण नव्हेत.

एकूण आकडा 3,000 वर घसरला आणि बँड मात्र 30 टक्के असले, तर धोका जास्त: मज्जेचा साठा संपत आल्याची ती खूण असू शकते.

तरीही एवढ्यावर सेप्सिस ठरत नाही. गरोदरपणात आणि पेशीवर्धक इंजेक्शनांनंतरही असे चित्र दिसते. स्लाइडवर रंग जास्त चढला तरी कण गडद भासतात. रक्तदाब, लॅक्टेट आणि ब्लड कल्चर सोबत पाहावेच लागतात.