0 भागिले 0 येतं तिथेही ‘लिमिट’ कसं सापडतं?

उंचावरून सोडलेला दगड बरोबर पहिल्या सेकंदाला किती वेगाने खाली जात असतो? प्रश्न साधा वाटतो, पण सरळ भागाकार करून त्याचं उत्तर काढता येत नाही. अकरावीच्या गणितात अनेकांना छळणारी ‘सीमा’ म्हणजे लिमिट ही संकल्पना नेमकी इथेच उपयोगी पडते.

खाली पडणारी वस्तू किती अंतर कापते, हे वेळेच्या वर्गावर अवलंबून असतं, हे गॅलिलिओने दाखवून दिलं होतं. हवेचा विरोध सोडून दिला, तर t सेकंदांत दगड साधारण 5t² मीटर खाली येतो. (नेमका आकडा 4.9 च्या आसपास आहे, पण 5 घेतला की हिशेब सोपा होतो.)

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. 1 ते 1.1 सेकंद या काळात दगड 5 मीटरवरून 6.05 मीटरवर पोहोचतो. म्हणजे 0.1 सेकंदात 1.05 मीटर, सरासरी वेग 10.5. काळ आणखी छोटा करून 1 ते 1.01 सेकंद घेतला, तर वेग 10.05 येतो. आता मागच्या बाजूने पाहू. 0.9 ते 1 सेकंदात 9.5 आणि 0.99 ते 1 सेकंदात 9.95. दोन्हीकडून आकडे 10 कडे सरकतायत.

मग थेट 1 ते 1 सेकंद असाच काळ घेतला तर? अंतर शून्य, वेळही शून्य. कॅल्क्युलेटर एरर दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. कोणत्याही संख्येला 0 ने गुणलं की 0 येतं, त्यामुळे 0/0 चं एकच एक उत्तर ठरवता येत नाही.

काळातल्या फरकाला h म्हटलं, तर सरासरी वेगाचं सूत्र असं होतं:

(5(1+h)² − 5) / h = 10 + 5h

पण h ने भागायचं, तर h शून्य असून चालत नाही. म्हणजे h = 0 ला या फलनाला, म्हणजे फंक्शनला, किंमतच नाही. तरीही त्याची सीमा आहे, आणि ती 10 आहे.

‘आधी शून्य नाही, मग शून्य’ असं कसं चालेल?

हाच आक्षेप आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी 1734 मध्ये ‘द अ‍ॅनालिस्ट’ या पुस्तिकेत घेतला होता. न्यूटनच्या पद्धतीत भागाकार करताना h शून्य नाही असं धरायचं आणि उत्तर लिहिताना तो शून्य मानायचा, हे कसं? आक्षेप चुकीचा नव्हता. त्याचं पक्कं उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. आधी फ्रान्समध्ये कोशी आणि नंतर जर्मनीत वायरश्ट्रास यांनी सीमेची काटेकोर व्याख्या दिली.

ती एखाद्या पैजेसारखी समजून घेता येते. समोरचा म्हणतो, “वेग 10 पासून 0.05 पेक्षा कमी अंतरावर आणून दाखव.” फरक 5h इतका आहे, म्हणून h शून्यापासून 0.01 पेक्षा जवळ ठेवला की झालं. “0.001 च्या आत आण.” मग h 0.0002 पेक्षा जवळ. त्याने कितीही छोटा आकडा सांगितला तरी उत्तर देता आलं, तर सीमा 10.

यातला कळीचा भाग पाठ्यपुस्तकातल्या या अटीत आहे, आणि अनेकांची नजर त्यावरून घसरते:

0 < |h| < δ

डावीकडचं ‘0 <’ सांगतं की h शून्याच्या जवळ असेल, पण शून्य कधीच नसेल. त्या बिंदूवर काय आहे, हे व्याख्या विचारतच नाही. उद्या कुणी h = 0 ला या फलनाची किंमत 100 ठरवून टाकली, तरी सीमा 10 च राहील. h च्या जागी 0 ठेवून 10 + 5h मधून 10 मिळतात, कारण या साध्या फलनाची तिथली किंमत आणि सीमा सारखीच आहे. याला सांतत्य म्हणतात. ते प्रत्येक फलनाला असतंच असं नाही.

मग कॅल्क्युलेटरवर जवळच्या दोन-चार किमती टाकून पाहिल्या की पुरे?

नाही, इथे फसगत होऊ शकते. sin(π/x) मध्ये (रेडियन मोडवर) x = 0.1, 0.01, 0.001 टाकत जा. दरवेळी उत्तर शून्य. सीमा शून्य आहे असंच वाटेल. आता x = 2/401 घ्या, म्हणजे 0.005 च्या किंचित खाली. उत्तर 1 येतं! शून्याच्या कितीही जवळ गेलं तरी अशा 1 देणाऱ्या जागा सापडतच राहतात. “0 पासून अर्ध्याच्या आत ठेवून दाखव” ही पैजही इथे हरावी लागते. त्यामुळे x शून्याकडे जाताना या फलनाला सीमाच नाही.