गांधीजी, बॉम्बे हायकोर्ट आणि न मागितलेली माफी

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचं प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने कंपाउंडच्या बांधकामाला हात लावायचा नाही असा मनाई हुकूम दिला होता, तरी एका रविवारी सकाळी बिल्डरच्या माणसांनी मागची भिंत पाडली. मी संतापून फेसबुकवर पोस्ट टाकली. भिंतीचे फोटो टाकले, बिल्डरच्या प्रतिज्ञापत्राचा स्क्रीनशॉट टाकला आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, 'निकाल कुणाच्या बाजूने लागणार हे वरती आधीच ठरलंय.'

तासाभरात आमच्या वकीलकाकांचा फोन आला. "पोस्ट काढ आधी. उद्या आपण त्याच्यावर कोर्टाच्या अवमानाचा अर्ज करणार आहोत आणि तू इथे स्वतःच अवमान करून बसलायस."

मी म्हटलं, "पण काका, भिंत पाडली हे खरं आहे ना?"

"भिंतीबद्दल मी काही बोललोच नाही. तू एक काम कर, १९२०ची गांधींची केस वाच. मग बोलू."

मी इंजिनिअर माणूस. गांधी आणि खटला म्हटलं की मला १९२२चा अहमदाबादचा राजद्रोहाचा खटला आठवतो. त्याच्या दोन वर्षं आधी बॉम्बे हायकोर्टाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

गोष्ट सुरू होते १९१९च्या वसंतात. रौलट कायद्याच्या विरोधात सत्याग्रहाची शपथ घेतली जात होती. हे कायदे आणि समिती ठरवेल ते इतर कायदे आम्ही शांतपणे मोडू, असं त्या शपथेत होतं. अहमदाबादच्या काही वकिलांनीही तिच्यावर सह्या केल्या. तिथले जिल्हा न्यायाधीश केनेडी यांना प्रश्न पडला की कायदा मोडण्याची शपथ घेतलेला माणूस कायद्याची सनद बाळगू शकतो का? २२ एप्रिल १९१९ रोजी त्यांनी हायकोर्टाच्या रजिस्ट्रारला पत्र लिहून हे कळवलं. हायकोर्टाने त्या वकिलांना नोटिसा काढल्या. म्हणजे एक प्रकरण कोर्टापुढे उभं राहिलं.

या पत्राची प्रत त्यांतल्या एका वकिलाकडून गांधीजींच्या हातात पडली. ते 'यंग इंडिया'चे संपादक होते, तर महादेवभाई देसाई प्रकाशक. ६ ऑगस्ट १९१९च्या अंकात त्यांनी ते पत्र जसंच्या तसं छापलं. वर मथळा दिला, 'अहमदाबादेतला ओडवायर'. ओडवायर म्हणजे पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, जालियनवाला बागेच्या काळातला. जालियनवालाला चार महिनेही झाले नव्हते, त्यामुळे या नावाचा अर्थ वाचकांना समजावून सांगायची गरज नव्हती. पत्रासोबत केनेडींवर टीका करणारा लेखही होता. आणि वकिलांचं प्रकरण तेव्हा हायकोर्टात प्रलंबित होतं.

इथे जरा थांबून प्रकार समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. १९७१च्या आपल्या कायद्यात अवमानाचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला दिवाणी अवमान. कोर्टाचा आदेश जाणूनबुजून मोडणं किंवा कोर्टाला दिलेली हमी मोडणं. आमच्या बिल्डरने केला तो हाच. दुसरा फौजदारी अवमान आणि त्याच्या तीन वाटा आहेत. कोर्टाची बदनामी करून त्याचा अधिकार खाली आणणं ही एक. चालू खटल्यात ढवळाढवळ होईल किंवा त्याचा निकाल आधीच रंगवला जाईल असं काही प्रसिद्ध करणं ही दुसरी. आणि इतर कुठल्याही मार्गाने न्यायाच्या कामात अडथळा आणणं ही तिसरी.

गांधीजींवरचा आरोप मुख्यतः यांतल्या दुसऱ्या वाटेचा होता. सरन्यायाधीशांना कमी लेखलंत, असा तो नव्हता. खटला चालू असताना त्यातला कागद छापलात आणि वर शेराही मारलात, असा होता.

दुसरी गोष्ट काळाची. १९२०मध्ये या विषयावर लिखित कायदाच नव्हता. हायकोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात शिक्षा करायचं. पहिला कायदा १९२६ला आला आणि त्याने शिक्षेला मर्यादा घातली, सहा महिन्यांची साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड. गंमत म्हणजे आजच्या कायद्यातही आकडे तेच आहेत.

ऑक्टोबर १९१९मध्ये रजिस्ट्रारने गांधीजींना सरन्यायाधीशांच्या दालनात येऊन खुलासा करायला सांगितलं. ते पंजाबला निघाले होते, त्यांनी लेखी खुलासा पाठवला. सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नावर पत्रकार म्हणून लिहिणं हा माझा हक्क आहे, असं त्यात होतं. त्यावर हायकोर्टाने मार्ग काढला. माफीचा मसुदाच पाठवला. तो छापा, प्रकरण संपलं.

कोर्टाच्या बाजूने ही सवलतच होती. आपल्यातले नव्वद टक्के लोक इथे सही करून मोकळे झाले असते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गांधीजींनी वकिलांचा सल्ला घेतला आणि डिसेंबरमध्ये कळवलं की हे मला जमणार नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माफी खरी असेल तर तिच्यात 'पुन्हा करणार नाही' हे आलंच. तशीच परिस्थिती आली तर मी पुन्हा हेच करीन, मग माफी मागणं म्हणजे कोर्टाशी खोटं बोलणं. शिक्षा द्या, मी भोगीन.

३ मार्च १९२० रोजी मुंबईत न्यायमूर्ती मार्टेन, हेवर्ड आणि काजीजी यांच्यापुढे सुनावणी झाली. गांधीजी आणि महादेवभाई स्वतः हजर होते. १२ मार्चला निकाल आला. अवमान सिद्ध, दोघेही दोषी. शिक्षा काय, तर कडक शब्दांत समज आणि पुढे काळजी घेण्याची ताकीद. कैद नाही, दंड नाही.

हे वाचून मी आधी गांधीजींच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. मग आमच्या केसची सुनावणी आठवली आणि कोर्टाचा मुद्दाही पटायला लागला. समजा नोटीस मिळालेल्या वकिलांऐवजी मी असतो. माझ्याबद्दलचा एक कागद कुणीतरी छापून 'हा माणूस चोर आहे' असा मथळा दिला असता, आणि माझी बाजू अजून कोर्टाने ऐकलीच नसती तर? 'यंग इंडिया'ची टीका त्या वकिलांच्या बाजूची होती म्हणून आपल्याला ती गोड वाटते. पण नियम एकाच बाजूसाठी करता येत नाही. खटला पेपरात चालायला लागला की ज्याचा पेपर मोठा, त्याचा न्याय. हे आपण आजकाल रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर बघतोच.

त्यामुळे प्रलंबित खटल्याचा नियम मला फारसा टोचत नाही. त्याला निदान सुरुवात आणि शेवट आहे. दिवाणी दाव्यात दावा दाखल झाल्यापासून, फौजदारीत साधारण आरोपपत्र किंवा समन्सपासून तो लागू होतो आणि अपील संपेपर्यंत राहतो. प्रलंबित आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तसं मानायला वाजवी कारण असेल, तर कायदा तुम्हाला सोडतो. खटल्याचं प्रामाणिक, अचूक वार्तांकनही चालतं.

खरी ओढाताण आहे ती पहिल्या वाटेवर, बदनामीच्या. तिला तारीख नाही. इथे मराठी माणसाला जवळचं उदाहरण आहे. जुलै १९०८मध्ये न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. खटला संपला होता. 'मराठा'चे संपादक न. चिं. केळकर यांनी त्या खटल्यावर टीका केली आणि हायकोर्टाने त्यांना अवमानाबद्दल तुरुंगवास आणि दंड, दोन्ही दिले. निकाल रंगवण्याचा प्रश्न आता उरला नव्हता. प्रश्न होता कोर्टाच्या इभ्रतीचा.

इभ्रतीच्या या कल्पनेत मुळातच एक अडचण आहे. ज्याची बदनामी झाली तोच न्याय करायला बसतो. इंग्लंडमधून हा नियम आपल्याकडे आला आणि इंग्लंडने तो २०१३मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो आहे, पण त्याला कुंपणं घातली गेली. मुझफ्फरनगरच्या बार असोसिएशनने दोन न्यायाधिकाऱ्यांना अकार्यक्षम ठरवणारा ठराव करून वरिष्ठांकडे पाठवला होता. ब्रह्म प्रकाश शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्या वकिलांना सोडलं आणि सांगितलं की न्यायाधीशाची वैयक्तिक बदनामी वेगळी, न्यायाच्या कामात अडथळा वेगळा. अवमानाचा अधिकार दुसऱ्यासाठी आहे. १९७१च्या कायद्याने निकाली निघालेल्या खटल्यावरची वाजवी टीका अवमानाबाहेर ठेवली. आणि २००६मध्ये, म्हणजे अगदी परवा, सत्य हा बचाव कायद्यात आला. तुम्ही लिहिलं ते खरं असेल, जनहिताचं असेल, हेतू प्रामाणिक असेल, तर कोर्ट तो बचाव ग्राह्य धरू शकतं.

तरीही 'वाजवी' कुठे संपतं हे शेवटी कोर्टच ठरवतं. २०२०मध्ये वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटबद्दल दोषी ठरवलं गेलं. त्यांना माफीसाठी वेळ दिला, त्यांनी नकार दिला. नकार देताना त्यांनी गांधीजींचेच शब्द वापरले, पण ते १९२२च्या खटल्यातले. शिक्षा झाली एक रुपया दंड. तो भरला नाही तर तीन महिने कैद आणि तीन वर्षं वकिलीला बंदी. शंभर वर्षांच्या अंतराने दोन कोर्टं एकाच कोंडीत सापडलेली दिसतात. सोडून दिलं तर अधिकार गेला असं वाटतं, तुरुंगात टाकलं तर समोरचा माणूस मोठा होतो.

मी वकीलकाकांना फोन केला. म्हटलं, "गांधीजींनी माफी मागितली नाही."

"हो. पण त्यांनी छापलेला कागद खरा होता आणि लिहिलेल्या ओळीखाली त्यांची सही होती. तुझी ती शेवटची ओळ तू सिद्ध करू शकतोस का?"

करू शकत नव्हतो. न्यायाधीशांना मी पाहिलंही नव्हतं. माझ्याकडे होता फक्त राग. ती ओळ मी खोडली आणि प्रतिज्ञापत्राचा स्क्रीनशॉटही काढला. भिंतीचे फोटो ठेवले, खाली मनाई हुकुमाची तारीख आणि भिंत पाडल्याची तारीख लिहिली. बाकी काही लिहायची गरजच नव्हती.

अवमानाचा आमचा अर्ज दाखल झाला. तो एका वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर कोर्ट कारवाई सुरू करू शकत नाही. पुढच्या तारखेला बिल्डर कोर्टात उभा राहिला आणि त्याने बिनशर्त माफी मागितली. वाचताना त्याने कागदावरून डोळे वर केले नाहीत. भिंत अजून पडलेलीच आहे. ती माफी खरी आहे की नाही, हे आता न्यायाधीशांनी ठरवायचं आहे. मी मागच्या बाकावर बसून तेवढंच बघतोय.